शब्दशोध वही : मोटेचं पाणी पडायची जागा

जुन्या माणसांच्या जिभेवर अडलेले शब्द शोधून काढायचा आपला छंद. या खेपेला निपाणीकडच्या एका आजोबांनी कोडं घातलं. वर्णन त्यांच्याच तोंडचं: "हिरीवर मोट वर आली की पाणी पडायचं बघा, ती दगडी खोलगट जागा. तिथनं फुडं पाटात जायचं. तोंडात हाय, पर येत न्हाई."

आपल्या छंदातली पहिली चूक इथंच होते. ऐकणारे लगेच मदतीला धावतात. "हौद?" "टाकं?" शेजारचे कन्नड बोलणारे काका म्हणाले, "दोणी असंल." झालं! आजोबांच्या डोक्यात 'डोण' जी अडकली ती निघेना. डोण म्हणजे जनावरांना पाणी पाजायची, हे त्यांना पक्कं ठाऊक, तरी जिभेवर तीच. याला मी वहीत 'आडवा शब्द' म्हणतो आणि त्याची वेगळी नोंद ठेवतो. आडवा शब्द चुकीचा असला तरी मूळ शब्द कुठल्या घरातला आहे ते सांगतो. इथं घर सापडलं: विहीर, दगड, साठलेलं पाणी.

मग अर्थ सोडून आवाजाकडे वळायचं. हार्वर्डमध्ये रॉजर ब्राउन आणि डेव्हिड मॅकनील यांनी 1966 साली एक प्रयोग छापला. विद्यार्थ्यांना कमी वापरातल्या शब्दांच्या व्याख्या वाचून दाखवायच्या आणि शब्द जिभेवर अडला की त्याच्याबद्दल जे सुचेल ते विचारायचं. पहिलं अक्षर निम्म्याहून जास्त वेळा बरोबर निघालं. शब्द किती लांब, याचाही अंदाज बराच बरोबर येतो. म्हणून मी विचारलं, "आजोबा, शब्द राहू दे. सुरुवात कशी हुती?" ते म्हणाले, "थ. न्हाईतर ठ. आन् शेवटाला ळ."

एवढ्यावर थांबलो. ताणून धरण्यात फायदा नाही. कॅनडातल्या वॉरिनर आणि हम्फ्रीज यांनी 2008 मध्ये दाखवलं, की अडलेल्या शब्दाशी माणूस जास्त वेळ झगडला तर पुढच्या वेळी तोच शब्द पुन्हा अडण्याची शक्यता वाढते. अडणंच पाठ होतं म्हणा ना.

घरी येऊन कोश. मोल्सवर्थ (दुसरी आवृत्ती 1857) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या dsal.uchicago.edu वर आहेत आणि नुसत्या शब्दात नव्हे, अर्थाच्या मजकुरातही शोधता येतं. पण मोल्सवर्थमध्ये `well` टाकलंत तर 'चांगलं' या अर्थाचे सगळे well अंगावर येतात. दात्यांत 'मोट' टाकलं तर गाठोड्याची मोटही येते. अर्थाकडून गेलं की पसारा फार. त्यापेक्षा अक्षराकडून जा: मराठीत थ चं प्रकरण छोटं आहे, चहा निवेपर्यंत 'था' डोळ्यांखालून जातो. आजोबांना क किंवा स आठवला असता तर ही वाट बंदच होती.

आणि तिथं होता: थारोळें. शेवटची मात्रा आणि अनुस्वार बघा. जुन्या कोशांत शेवटचा 'ळं' असा नसतो, 'ळें' असतो. त्यामुळे बोलीतला शब्द जसाच्या तसा टाकला की 'सापडला नाही' असं येतं. शेवट कापून 'थारोळ' एवढंच टाकावं.

गंमत म्हणजे हा शब्द आपण सगळे जाणतो, पण 'रक्ताच्या थारोळ्यात' एवढ्यापुरता, तोही कायम 'त' लागून. आजोबा रोज पेपर वाचतात. शब्द रोज डोळ्यांसमोरून जात होता, पण रक्ताच्या कप्प्यातून. विहिरीच्या कप्प्यात तो होता मोट बंद पडली तेव्हापासून न उघडलेला.

आता खातरजमा. सापडलेला शब्द सरळ पुढे करायचा नाही, कारण वय झालेला माणूस पाहुण्याचं मन राखायला "असंल बाबा" म्हणतो. "असंल" म्हणजे नापास. मी थाटोळं, ठारोळं असे दोन बनावट शब्द करून मधे हा मिसळला आणि एका सुरात वाचले. ठारोळ्याला ते गप्प बसले. थारोळं म्हणताच, "व्हय! थारोळं! धाव खाली, थारोळं वर, तिथनं पाट," असं स्वतःच पुढचं सांगायला लागले. बैलांच्या उताराला 'धाव' म्हणतात हे मी विचारलंही नव्हतं. ओळखीचा शब्द असा शेजाऱ्यांना घेऊन येतो, ही माझ्या मते सगळ्यात भरवशाची खूण. तरी दुसऱ्या वाडीतल्या एका मावशींना फक्त वर्णन सांगून विचारलं. त्यांनी न अडखळता तोच सांगितला. नोंद पक्की.

अजून अडलेलं एक, तुमच्याकडे चिकोडी-संकेश्वर भागात जुनी माणसं असतील तर विचारा: गुऱ्हाळात उकळत्या रसावरची मळी काढायचं लांब दांड्याचं, भोकाभोकाचं साधन. सांगणाऱ्या बाईंना पहिलं अक्षर आठवत नाही, तीन अक्षरी आहे एवढं नक्की. आडवा शब्द: झारा. विचारताना 'झारा' तुम्ही आधी म्हणू नका.