पाल, पिसू आणि किडा

नौपाड्यातल्या आमच्या घरात ट्यूबलाइटमागे एक पाल मुक्कामाला आहे. ती चुकचुकली की आई टेबलावर बोटं वाजवून ‘कृष्ण कृष्ण’ म्हणते. त्याच टेबलावर मी एका फ्रेंच कादंबरीचं भाषांतर करत बसतो.

परवा वाक्य आलं, त्या पत्राने नायकाच्या कानात पिसू घातली. ‘मेत्र ला प्यूस आ लोरेय’ म्हणजे मनात संशय जागा करणे. काही शतकांपूर्वी हीच कानातली पिसू प्रेमात पडलेल्याची तळमळ सांगायची, संशय नंतर आला. आज मात्र ते बोलताना कुणा फ्रेंच माणसाला पिसू दिसत नाही. मग मराठी वाचकाला तरी का दाखवा? मी खुशाल लिहिलं, ‘त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.’ पॅरिसच्या भिंतीवर पाल कुठून आली, हेही कुणी विचारणार नाही, कारण आपल्यालाही त्या वाक्प्रचारात पाल दिसेनाशी झालीय.

जिथे चित्र आपणहून कळतं तिथे मी ते तसंच ठेवतो. ‘अस्वल मारायच्या आधीच कातडं विकू नकोस’ याला ‘बाजारात तुरी’ हाताशी होती. पण त्यामागून भट आणि भटीण आले असते आणि बोलणारा होता फ्रान्समधला पाववाला! अस्वल राहिलं. पाय मानेला लावून पळणारे मास्तर आले, तेव्हा मात्र आपल्या ‘ढुंगणाला पाय’चा मोह आवरला. हसू तेच येतं, पण फ्रेंच शब्द चारचौघांत चालतो, आपला आईसमोर वाचताना अडखळतो. मास्तरांनी नुसती धूम ठोकली.

पालीचं काम झालं असं समजून मी पुढे गेलो आणि तीन पानांनी लेखकाने दगा दिला. नायक रात्री कुशीवर वळतो, कान खाजवतो आणि ती पिसू अजून चावतेय असं म्हणतो. मेलेलं चित्र लेखकाने जिवंत केलं होतं. आता पाल चालेना, ती काही कान खाजवायला लावत नाही. मागे जाऊन ‘कानात पिसू घातली’ असं शब्दशः करून पाहिलं आणि आईला वाचून दाखवलं.

“कुत्रा आहे का तो?” तिने विचारलं.

संध्याकाळी तलावपाळीला दोन फेऱ्या मारल्या. संशयाचा किडाही असतोच की आपल्याकडे, आणि तो वळवळतो! घरी येऊन आधीचं वाक्य बदललं, ‘त्या पत्राने त्याच्या कानात संशयाचा किडा सोडला.’ तीन पानांनंतर, ‘किडा अजून वळवळतच होता.’ कान खाजवणंही जागच्या जागी बसलं.

आईने दोन्ही वाक्यं ऐकली.

“मग कोमट तेल घाला म्हणावं दोन थेंब,” ती म्हणाली, आणि वरून पाल चुकचुकली.