कितव्यातला किती?

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहिताना प्राथमिक वर्गातल्या आमच्या गणिताच्या बाईंची शिकवण्याची एक पद्धत नोंदवून ठेवावी असे मला वाटते. आज मी स्वतः लहान मुलांना गणित शिकवतो आणि पाव, अर्धा, पाऊण हा भाग आला की त्याच पद्धतीने शिकवतो. 'पहिला, दुसरा, तिसरा' हे क्रमवाचक शब्द आणि 'अर्धा, दीड, अडीच' हे अपूर्णांकाचे शब्द पुष्कळदा दोन निरनिराळे धडे म्हणून शिकवले जातात. बाई मात्र दुसऱ्या धड्याचा पाया पहिल्यातच घालत असत.

क्रमवाचक शब्दांवर त्या फार वेळ घालवत नसत. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा ही चार रूपे जशीच्या तशी लक्षात ठेवायची आणि पाचपासून पुढे संख्येला 'वा' जोडत जायचे, एवढे सांगून त्या थेट फळ्यावर आडवी पट्टी काढत, तिचे चार सारखे भाग करत आणि म्हणत, "चौथा भाग रंगवा." बहुतेक मुले उजवीकडचा शेवटचा भाग रंगवीत. तो पुसून बाई डावीकडचा पहिला भाग रंगवत आणि विचारत, "आता हा पट्टीचा चौथा भाग आहे की नाही?" वर्गात दोन तट पडत, आणि बाईंना नेमके तेच हवे असे.

मराठीत 'चौथा भाग' या शब्दांचे खरोखरच दोन अर्थ होतात. डावीकडून मोजत गेल्यावर चौथ्या जागी येणारा भाग हा एक अर्थ, आणि सारख्या चार भागांपैकी कोणताही एक, म्हणजे पाव, हा दुसरा. पहिल्या अर्थाने एकच तुकडा चौथा ठरतो, तर दुसऱ्या अर्थाने चारही तुकडे 'चौथा भाग' असतात. मूल कोणत्या अर्थाने बोलत आहे हे उत्तरावरून कळत नाही, कारण शेवटचा तुकडा रंगवला तर दोन्ही अर्थांनी उत्तर बरोबरच येते. म्हणून मधला एखादा तुकडा दाखवून विचारावे लागते. हा घोळ पुढच्या इयत्तांतही डोके वर काढतो, कारण तृतीयांश, चतुर्थांश, पंचमांश हे शब्दही क्रमवाचकांपासूनच बनलेले आहेत. 'दोन पंचमांश' म्हणजे दुसरा आणि पाचवा असे काही नसून पाच सारख्या भागांपैकी कोणतेही दोन, हे पट्टीवर पाहिलेल्या मुलाला वेगळे सांगावे लागत नाही.

यानंतर बाई जमिनीवर खडूने लांब रेघ ओढून तिच्यावर शून्यापासून पाचापर्यंत सारख्या अंतरावर खुणा करत. दोन खुणांमधल्या जागेला त्या 'घर' म्हणत. शून्य ते एक हे पहिले घर, एक ते दोन हे दुसरे, दोन ते तीन हे तिसरे. मग एका मुलाला शून्यावर उभे करून सांगत, "पावणेतीनवर जाऊन उभा राहा." पुष्कळ मुले तीनची खूण ओलांडून थोडी पुढे जाऊन थांबतात, कारण कानावर 'तीन' पडलेले असते आणि सव्वातीन, साडेतीन यांत तीनच्या पुढेच जायचे असते. अशा वेळी बाई 'चूक' असे न म्हणता "तू कितव्या घरात आहेस?" एवढेच विचारत. मूल म्हणे, "चौथ्या." मग बाई विचारत, "तीन पूर्ण व्हायला पाव कमी आहे, तर तीन पूर्ण झाले का?" तेव्हा ते मूल आपणहून मागे येऊन तिसऱ्या घरात, तीनच्या खुणेपासून पाव घर अलीकडे उभे राही.

पावणेतीन शिकवताना मुलाच्या मनात हाच क्रम बसावा लागतो: आधी घर कितवे ते ठरवायचे आणि मग त्या घरातले किती चाललो ते पाहायचे. सव्वादोन, अडीच आणि पावणेतीन हे तिन्ही शब्द एकाच तिसऱ्या घरातले आहेत आणि तिथे अनुक्रमे पाव, अर्धे आणि पाऊण घर चाललेले असते. फरक एवढाच की 'सव्वा' मागच्या पूर्ण संख्येचे नाव घेतो आणि 'पावणे' पुढच्या. पावणेतीनचा तीन म्हणजे अजून पुरी न झालेल्या तिसऱ्या घराचाच अंक, हे एकदा लक्षात आले की मूल चौथ्या घरात शिरत नाही.

तीन, चार, पाच यांना 'साडे' लागते, मग 'साडेएक' आणि 'साडेदोन' का नाही, हा प्रश्न प्रत्येक वर्गात येतोच. 'असेच म्हणतात' हे उत्तर मला अपुरे वाटते, कारण खरे उत्तर या घरांतच आहे. 'अडीच' हा शब्द संस्कृतातल्या 'अर्धतृतीय' वरून आला आहे, म्हणजे ज्यात तिसरा अर्धा आहे तो. 'दीड' ची घडणही तशीच आहे. त्यात दुसरा अर्धा असतो. साडेतीनसाठीही याच घडणीचा 'औट' हा शब्द होता आणि जुन्या पाढ्यांत पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी यांच्या पुढे 'औटकी' म्हटली जात असे. 'साडे' मात्र 'सार्ध' वरून, म्हणजे 'अर्ध्यासह' या अर्थाने आला आणि तो मागच्या पूर्ण संख्येत अर्धा मिळवतो. औट बोलण्यातून मागे पडला आणि त्याची जागा साडेतीनने घेतली. दीड आणि अडीच मात्र रोजच्या वापरामुळे टिकून राहिले. लहान मुलांना व्युत्पत्ती सांगायची गरज नाही, पण शिकवणाऱ्याला ती ठाऊक असावी, कारण 'अडीच म्हणजे तिसरे घर अर्धे' ही सोयीपुरती काढलेली युक्ती नसून तोच त्या शब्दाचा अर्थ आहे.

शतकांकडे जाताना बाई तीच रेघ ठेवत आणि फक्त खुणांवर 100, 200, 300 असे आकडे घालत. 'पावणेतीनशे' लिहायला सांगितले की काही मुले 325 लिहितात. ती चौथ्या घरात गेलेली असतात. काही मुले तीनशेतून नुसता पाव काढू पाहतात आणि अडून बसतात; त्यांचे घर बरोबर असते, पण आता एक घर शंभराचे आहे हे त्यांच्या ध्यानात आलेले नसते. पाव घर म्हणजे 25 आणि पाऊण घर म्हणजे 75 हे आधी ठरवून घेतले की तिसऱ्या घराच्या सुरुवातीचे 200 आणि त्यात 75 मिळून 275 येतात. पडताळाही सोपा आहे: उत्तर अडीचशेच्या पुढे आणि तीनशेच्या अलीकडे असलेच पाहिजे. त्याच रेघेवर पाऊणशे म्हणजे 75, सव्वाशे म्हणजे 125 आणि दीडशे म्हणजे 150 हेही दिसते, आणि या तिन्ही शब्दांत 'एक' उच्चारला जात नसला तरी मुलांचे अडत नाही.

घड्याळ बाईंनी मुद्दाम या सगळ्यानंतर ठेवले होते. बारा वाजून पंधरा मिनिटे झाली की सव्वाबारा, तीस झाली की साडेबारा, आणि पंचेचाळीस झाली की एकदम 'पाऊण वाजला', म्हणजे त्याच तासात आधी बारापासून मोजायचे आणि शेवटी बारालाच शून्य धरायचे. काही जण तेव्हा 'पावणेएक' म्हणतात, आणि बाई तेही बरोबर धरत. पण अपूर्णांकाची सुरुवातच घड्याळापासून केली, तर पाऊण हे पहिल्या घरातले आहे हे मुलांना दिसत नाही, कारण तबकडीवर शून्याची खूणच नसते.