फुगा, मोज्यांचा गोळा आणि मग बॉल

कोल्हापुरात आमच्या मंगळवार पेठेत पोरगं चालायला लागलं की फुटबॉल त्याच्या पायाशी येतोच. शाहू स्टेडियमवर पेठांची मॅच असली की आमचे आण्णा, म्हणजे माझे सासरे, दुपारचं जेवण लवकर उरकून बाहेर पडतात. अशा घरातल्या नातवाला, आमच्या बारक्याला, चार वर्षांचा होत आला तरी साधा बॉल झेलता येत नव्हता. बॉल हातातून सुटला असता तर कुणाला एवढं वाटलं नसतं. हा बॉल येताना दिसला की मान बाजूला फिरवायचा, डोळे गच्च मिटायचा आणि दोन्ही हात ताठ पुढं करायचा. बॉल हातांवर आपटून खाली पडायचा, कधी छातीवर बसायचा. आण्णा ओरडायचे, "आरं, बॉलकडं बघ की!" आणि पुढचा बॉल आला की बारक्या आणखी घट्ट डोळे मिटायचा.

जुलैच्या पावसात पोरं घरात कोंडलेली असताना माझी धाकटी नणंद राहायला आली. वन्सं बालवाडी चालवतात. त्या आल्या आल्या काही बोलल्या नाहीत. आण्णा टाकत होते तेव्हा बारक्याच्या बाजूला पाटावर बसून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "वैनी, हातांकडं नका बघू, डोळ्यांकडं बघा. ह्याला झेलायला येत नाही असं नाही, ह्याला वेळच पुरत नाही."

त्यांचं म्हणणं असं. या वयात मुलाला येणारी वस्तू दिसते, पण ती कुठं आणि कधी पोचणार हे ताडून हात तिथं न्यायला त्याला मोठ्या माणसापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. तेवढ्यात बॉल अंगावर येऊन आदळतो. दोन-चार वेळा लागलं की शरीर स्वतःला वाचवायला शिकतं, आणि तोंड फिरवणं हा त्याचाच भाग. त्यावर ओरडून उपयोग नाही, वस्तूचा वेग कमी करायला हवा. म्हणून फुगा. दोन मीटर उंचीवरून बॉल पाऊण सेकंदाच्या आत जमिनीवर येतो. फुग्याला हवा अडवून धरते, त्यामुळं तेवढ्याच उंचीवरून यायला त्याला दुप्पट-तिप्पट वेळ लागतो. शिवाय तोंडावर आला तरी लागत नाही.

फुगा आणायला महाद्वार रोडला गेले तेव्हा वन्संनी बजावून सांगितलं होतं की पूर्ण टम्म फुगवायचा नाही. थोडा ढिला ठेवला की पटकन फुटत नाही आणि हातात नीट धरता येतो. दुसरी गोष्ट त्यांनी जास्त गंभीरपणे सांगितली: न फुगवलेला फुगा मुलाच्या हातात द्यायचा नाही, आणि फुटला तर खेळ थांबवून प्रत्येक तुकडा आधी वेचायचा. रबराचा तुकडा तोंडात गेला तर घशात चिकटून श्वास अडवतो, आणि हा धोका काही फक्त तान्ह्या मुलांना नसतो. बारक्याला सगळं चावून बघायची सवय, त्यामुळं मोठं माणूस समोर नसेल तर फुगा कपाटावर, हा नियम आजपर्यंत चालू आहे.

पहिली पायरी झेलायची नव्हतीच. दाराच्या चौकटीला दोऱ्यानं फुगा त्याच्या छातीच्या उंचीवर टांगला आणि तळहातानं मारायचा. टांगलेला फुगा परत त्याच वाटेनं येतो, त्यामुळं कुठून येणार याचा अंदाज आधीच असतो. वन्सं म्हणाल्या, मोजू नका, हात लागतो त्या क्षणी डोळे उघडे आहेत का तेवढंच बघा. डोळे उघडे राहू लागल्यावर दोरा सोडला. मग फुगा वर उडवायचा आणि खाली पडू द्यायचा नाही. पंखा बंद ठेवावा लागतो, नाहीतर फुगा भरकटतो. एकदा हौसेनं रंकाळ्यावर घेऊन गेलो तर वाऱ्यानं फुगा थेट रस्त्यावर नेला. हा खेळ घरातलाच.

याच खेळात तोल आपोआप येतो, हे मला आधी कळलं नव्हतं. फुगा डावीकडं गेला की मुलाला पाऊल टाकून त्याच्याखाली जावं लागतं, मान वर असताना पाय सावरावे लागतात. बारक्या सुरुवातीला जागेवर उभा राहून फक्त हात लांबवायचा आणि कलंडायचा. तो पाय हलवायला लागला तेव्हा वन्संनी पाट आणला. एक पाय पाटावर, एक फरशीवर, आणि तसंच उभं राहून फुगा मारायचा. एका पायावर पूर्ण भार नाही, पण जवळपास तसंच. तीन वर्षांचं मूल एका पायावर दोन-तीन सेकंद उभं राहतं, चार-पाच वर्षांचं त्याहून बरंच जास्त, त्यामुळं लंगडीची अपेक्षा आत्ताच करायची नाही. पाटावरचा पाय बदलत राहायचा, एवढंच. शहाबादी फरशीच्या सांध्यावरून ताटलीत फुगा ठेवून चालायचा खेळ त्यानं स्वतःच काढला. त्यात नजर फुग्यावर आणि पाय रेषेवर, म्हणजे दोन्ही कामं एकदम. आम्ही आधी ताटली न घेता रेषेवरून चालवलं आणि मगच ताटली दिली.

झेलताना पहिल्यांदा त्यानं फुगा दोन्ही हातांनी छातीशी कवटाळला. मला वाटलं, ही काही झेलायची रीत नाही. वन्सं म्हणाल्या, हीच मधली पायरी आहे. आधी हात ताठ, मग छातीशी कवटाळणं, मग नुसत्या पंजांनी. मधली गाळता येत नाही, आणि चार वर्षांच्या मुलानं कवटाळलं तर ते छानच.

फुग्याची मर्यादा मात्र लवकर दिसते. तो रेंगाळतो, हेलकावे खातो, आणि मूल सावकाश हात मिटायला शिकतं. खरा बॉल असा थांबत नाही. म्हणून मधलं काहीतरी हवं. सासूबाईंनी जुन्या सुती साडीच्या सहा पाकळ्या कापून फुग्याला खोळ शिवली, एका बाजूला फुग्याचं तोंड आत घालण्यापुरती चीर ठेवून. खोळीमुळं फुगा जड होतो, थोडा वेगानं येतो, हातातून निसटत नाही आणि फुटला तर तुकडे आतच राहतात. या खोळीवर आम्ही सगळ्यात जास्त रमलो. त्यानंतर हवा थोडी कमी केलेला मोठा प्लॅस्टिकचा बॉल, मग नारळाएवढा स्पंजचा.

इथं वन्संचा एकच हट्ट होता: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बॉल लहान केला तर अंतर तेच. अंतर वाढवलं तर बॉल जुनाच. दोन्ही एकदम बदललं आणि डोळे मिटले, तर कशामुळं मिटले ते कळत नाही.

स्पंजचा बॉल थेट टाकल्यावर डोळे परत मिटलेच. तेव्हा टप्पा देऊन सुरू केलं. दोघांच्या मधोमध बॉल आपटला की तो वर येताना मंदावतो, आणि सगळ्यात वर पोचल्यावर क्षणभर थांबल्यासारखा होतो. तिथं तो मुलाच्या कमरेच्या आसपास असेल इतकाच जोर लावायचा. "वर आला की धर," एवढं एकच वाक्य. चार वर्षांच्या आसपास बहुतेक मुलांना टप्प्याचा बॉल धरता येऊ लागतो, आणि बारक्यालाही तो थेट बॉलच्या कितीतरी आधी जमला. थेट टाकताना नेमकं काय अडतंय ते आण्णांनीच हेरलं. ते उभ्यानं टाकायचे, त्यामुळं बॉल वरून तोंडावर उतरायचा. ते फरशीवर मांडी घालून बसले, खालून हात फिरवून पोटाच्या दिशेनं टाकू लागले, आणि पिवळा बॉल पांढऱ्या भिंतीऐवजी गडद निळ्या पडद्यासमोरून येईल अशी जागा घेतली. फरक लगेच दिसला. त्या दिवसापासून आण्णा हे तंत्र आपलंच असल्यासारखं सगळ्या गल्लीला सांगतात.

फेकण्याचं गणित वेगळं आहे, आणि ते बहुतेक घरांत उलटं चालतं. झेलायला बॉल मोठा हवा, फेकायला मात्र पंज्यात मावेल असा लहान. मोठा बॉल मूल दोन हातांनी ढकलतं, फेकत नाही. आम्ही जुन्या मोज्यांचे गोळे केले. गॅलरीत दोरीवर चादर टांगली आणि सांगितलं, जोरात मार, चादर हलली पाहिजे. मी आधी बादली ठेवणार होते, वन्संनी ती उचलून आत नेली. बारीक निशाणा दिला की मूल जपून, नुसत्या कोपरातून फेकतं. जोरात फेकायचं असेल तरच कंबर वळते आणि पाय पुढं येतो. अचूकपणा नंतर येतो.

पाय पुढं आला, पण ज्या हातात गोळा त्याच बाजूचा. या वयात हे अगदी नेहमीचं. उजव्या हातानं फेकताना डावा पाय पुढं यायला हवा, तरच अंगाचा जोर फेकीत उतरतो. सांगून समजेना, तेव्हा खडूनं फरशीवर डाव्या पावलाचा ठसा काढला, बारक्याला चादरीकडं डावा खांदा करून आडवं उभं केलं आणि "ठशावर पाय, मग फेक" असं म्हटलं. कधी जमतं, कधी विसरतो. वन्संच्या मते सहा-सातव्या वर्षापर्यंत ते पक्कं होत नाही, त्यामुळं रोज दुरुस्त करत बसायचं नाही.

खेळ लांबवायचा नाही हेही आम्ही पाळलं. तो हसायचा थांबला किंवा बॉल मुद्दाम सोफ्याखाली सारायला लागला की बंद. मध्ये काही दिवस डाव्या बाजूनं येणारा बॉल तो सतत चुकवतोय असं वाटलं, म्हणून डोळे तपासून आणले. डोळे चांगले निघाले. पण एकाच बाजूचं चुकणं, सपाट जागेवर वारंवार पडणं, जिना चढताना प्रत्येक पायरीला चाचपडणं असं दिसलं तर खेळ वाढवण्याआधी डॉक्टरांना दाखवावं, असं वन्सं त्यांच्या बालवाडीतल्या आयांनाही सांगतात.

दिवाळीपर्यंत आण्णांनी दोन पावलांवरून टाकलेला स्पंजचा बॉल तो बहुतेक वेळा पंजात धरायला लागला. तीन पावलांवर अजून कवटाळतो. टेनिस बॉलला आम्ही हात लावलेला नाही, कारण तो लहानही आहे, जडही आणि वेगवानही. त्याआधी त्याच आकाराचा मऊ बॉल टप्प्यानं द्यायचा असं ठरलंय. आण्णा सध्या फुटबॉल फक्त घरंगळत सोडतात, आणि बारक्यानं तळव्यानं अडवून त्यावर पाय ठेवून उभं राहायचं. पाच आकडे मोजेपर्यंत राहतो, मग भिंत धरतो.