बाबांच्या जिमचा मेसेज मराठीत लिहून दिला तेव्हा

बाबांनी जूनच्या 1 तारखेला राजारामपुरीतल्या एका जिमची वर्षाची फी भरली, 12,000 रुपये. सप्टेंबरच्या सुरुवातीला मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. काही आठवडे वजन उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. जिमवाल्यांनी नियमांचा लांबलचक इंग्रजी मेसेज पाठवला आणि बाबांनी फोन माझ्या हातात दिला, "हे मला मराठीत लिहून दे."

मी वहीत लिहिलं, "सभासदत्व 30 दिवस गोठवता येईल." बाबांचा चेहराच उतरला. "म्हणजे माझं पैसं अडकलं म्हण की!" बँकेत खातं गोठवतात तेव्हा आपल्याला आपलेच पैसे काढता येत नाहीत, आणि त्यांच्या डोक्यात तेच होतं. मी ओळ खोडली आणि लिहिलं, "तितके दिवस मुदत थांबेल, आणि तेवढेच दिवस शेवटी वाढवून मिळतील." मग खाली तारखा मांडल्या: मुदत 31 मेला संपते, 30 दिवस थांबवली तर 30 जूनला संपेल. हे त्यांना लगेच पटलं.

त्याच नियमात पुढे होतं की अर्ज तीन दिवस आधी लेखी द्यायचा, मागच्या तारखेपासून मुदत थांबवणार नाहीत, आणि ही सवलत वर्षातून एकदाच. बाबा तर बरं झाल्यावर जाऊन सांगणार होते. तसं केलं असतं तर तो महिना सरळ वाया गेला असता.

रिफंडच्या ओळीत मात्र मीच फसले. वैद्यकीय कारणासाठी 'मे बी कन्सिडर्ड' असं होतं आणि मी घाईत "पैसे परत मिळतील" लिहून टाकलं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा ते बदलून "विचार होऊ शकतो, देतीलच असं नाही" केलं. त्याखालचं वाक्य तर आणखी महत्त्वाचं होतं: वापरलेले महिने वर्षाच्या दराने नाही, तर महिन्याच्या दराने धरणार. बाबांनी मनात हिशेब केला होता की तीन महिन्यांचे 3,000 जातील आणि 9,000 परत येतील. पण सुटी फी महिन्याला 2,000. म्हणजे तीन महिन्यांचे 6,000, वर प्रोसेसिंगचे 1,000, आणि हातात येणार 5,000. हे आकडे मी वहीत एकाखाली एक लिहिले. बाबा चष्मा वर सरकवून ते बराच वेळ बघत राहिले.

"नको रिफंड. थांबवून ठेवू," ते म्हणाले.

28 ऑगस्टला व्हॉट्सअ‍ॅपवर आम्ही अर्ज पाठवला: 1 ते 30 सप्टेंबर मुदत थांबवावी, सोबत डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो, आणि नवी शेवटची तारीख लिहून कळवावी ही विनंती. नुसतं 'ओके' आलं तेव्हा मी पुन्हा तारीख विचारली. संध्याकाळी उत्तर आलं, 30 जून. बाबांनी ते वहीत उतरवून घेतलं आणि त्यापुढे माझ्याकडून मेसेजची तारीखही लिहून घेतली.