पाणी चेंबरमध्ये नव्हतं

जुलैतली रात्र. परळ ते भांडुप या वीस किलोमीटरच्या फायबरवर आम्ही १३९१ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचा नवा चॅनल चढवला आणि भांडुपला लिंक उठेचना. रिसीव्हरला प्रकाशाची ताकद किमान −२३ डीबीएम हवी होती, मिळत होती −२४. त्याच फायबरवरचा १५५१चा चॅनल मात्र −९ वर निवांत चालू होता.

आमचे स्प्लाइसरमामा म्हणाले, "साहेब, पावसाचे दिवस आहेत. जॉइंटमध्ये पाणी शिरलं असणार." विक्रोळीचं चेंबर खरंच तुडुंब होतं. तासभर उपसलं, जॉइंटवरचा डबा म्हणजे क्लोजर उघडलं. आत कोरडं ठणठणीत.

मग मला वाटलं, कुठेतरी फायबर दुमडलंय. पण ते गणितात बसेना. फायबरच्या गाभ्याचा अपवर्तनांक भोवतीच्या काचेपेक्षा जेमतेम एक तृतीयांश टक्क्यानं जास्त असतो. प्रकाश आत राहतो तो तेवढ्या फरकावर. तरंगलांबी वाढली की प्रकाश गाभ्याबाहेर जास्त पसरतो, आणि वळणावर तोच आधी गळतो. म्हणजे वळण असतं तर १५५१ आधी मेला असता. काचेत प्रकाश विखुरणंही तरंगलांबी वाढेल तसं झपाट्यानं कमी होतं. तेव्हा १३१०ला ०.३५ डीबी प्रति किलोमीटर एवढीच घट भरणारं फायबर १३९१ला बिघडायचं काहीच कारण नव्हतं. उरलं शोषण.

ऑफिसातून १३८३चं मोड्यूल असलेला ओटीडीआर मागवला, म्हणजे फायबरमध्ये कुठे किती प्रकाश हरवतो ते रेघेनं दाखवणारं यंत्र. पहाटे तीनला ट्रेस स्क्रीनवर आला आणि आम्ही दोघं बघतच राहिलो. जॉइंट खराब असता तर रेघ एका जागी पायरीसारखी खाली आली असती. इथे पायरी नव्हतीच. परळपासून चौदा किलोमीटर रेघ सारखी उतरत होती, किलोमीटरला १.२ डीबी. विक्रोळीच्या जॉइंटपासून पुढे तीच रेघ एकदम सौम्य झाली, ०.३३. तिथून पुढची केबल रस्त्याच्या कामात बदलून नवी टाकलेली होती.

"मामा, पाणी आहे," मी म्हटलं, "पण ते काचेतच आहे."

जुन्या काचेत बनवतानाच पाण्याचा अंश, हायड्रॉक्सिल, राहून गेलेलं. १३८३च्या आसपासचा प्रकाश ते गिळतं. दहा लाखांत एक भाग असेल तर किलोमीटरला सुमारे ५० डीबी जातात. आमच्याकडे जादा जात होते ०.८५च्या आसपास, म्हणजे दहा कोटी भागांत दोन भागांहूनही कमी. एवढ्यावर लिंक अडली होती! नव्या काचेचा सच्छिद्र गोळा वितळवण्याआधी भट्टीत क्लोरीननं वाळवून हे हायड्रॉक्सिल काढतात. घातलेल्या फायबरमधून मात्र ते काढता येत नाही.

जुन्या चौदा किलोमीटरमध्येच १६.८ डीबी जात होते. नव्या भागाचे दोन, चॅनल एकत्र आणि वेगळे करणाऱ्या मक्स-डीमक्सचे चार, जॉइंट आणि कनेक्टरचे एक-सव्वा, मिळून २४. शून्य डीबीएमनं सोडलेला प्रकाश −२४ला पोचणारच.

चॅनल १५३१वर हलवला, लिंक लगेच उठली. मामांनी क्लोजर बंद करण्याआधी रूटच्या वहीत लिहिलं: परळ–विक्रोळी, जुनी काच, १३७१ आणि १३९१ वापरू नये.