पुसलं म्हणजे नेमकं कुठून पुसलं?

आमच्या फर्मचं काम रावेर-सावदा पट्ट्यातल्या केळीचं. शेतात कटाई, काट्यावर वजन, गाडी भरून उत्तरेकडे रवाना आणि शेतकऱ्याच्या खात्यात पैसे. हा सगळा हिशेब काही वर्षं एका क्लाउड सॉफ्टवेअरवर चालत होता. भाडं वाढत गेलं, ऐन हंगामात काट्यावर स्क्रीन अडकायला लागली, तेव्हा भाऊंनी, म्हणजे आमच्या मालकांनी, दुसरीकडे जायचं ठरवलं. नवं सॉफ्टवेअर निवडणं, काट्यावरच्या पोरांना शिकवणं हे सुरळीत झालं. लिहायचंय ते जुन्या कंपनीकडून सुटण्याबद्दल, कारण त्याचा राग अजून उतरलेला नाही.

करार काढून वाचला. त्यात एक ओळ होती: ग्राहकाचा डेटा ग्राहकाच्याच मालकीचा राहील. भाऊ म्हणाले, "झालं की मग, आपलंच आहे." पण तो परत कोणत्या स्वरूपात देणार, किती दिवसांत, पैसे घेणार का, आणि आपण गेल्यावर त्यांच्याकडच्या प्रतीचं काय, याबद्दल एक अक्षर नव्हतं. उलट खालच्या कलमात, सेवा सुधारण्यासाठी 'एकत्रित माहिती' वापरायचा हक्क कंपनीने ठेवला होता. नावं काढून टाकली तरी कोणत्या गावातून कोणत्या आठवड्यात किती माल काय भावाने निघाला, एवढं समोरच्या व्यापाऱ्याला भरपूर झालं. युरोपात १२ सप्टेंबर २०२५पासून डेटा कायदा लागू आहे. तिथे क्लाउड बदलताना मुदत आणि मदत कायद्यानेच ठरवून दिली आहे. आपल्याकडे तसा कायदा नाही. करारात जे लिहून घ्याल तेवढंच हातात.

एक्स्पोर्ट मागितला तर आधी पीडीएफ अहवालांचा गठ्ठा आला. पीडीएफ वाचायला ठीक, नव्या सॉफ्टवेअरमध्ये भरायला निरुपयोगी. सीएसव्ही, म्हणजे ओळी-रकान्यांची साधी मजकूर फाइल, मागा, आणि प्रत्येक तक्त्याची वेगळी: शेतकरी, काटा पावत्या, गाड्या, देयकं. शेतकऱ्याचा कोड सगळ्यांत सारखा असला पाहिजे, नाहीतर कोणती पावती कोणाची हे पुन्हा जुळवत बसावं लागतं.

सीएसव्ही आल्यावर डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडू नका. नावांचा कचरा दिसू शकतो, आणि नुकसान त्याहून मोठं होतं: बँक खात्याच्या सुरुवातीची शून्यं गळतात, पंधरा अंकांपुढचे आकडे शून्य होतात. त्यात चुकून सेव्ह केलं की मूळ आकडा त्या फाइलमधून गेलाच. Data मधून From Text/CSV घ्यायचं, `65001: Unicode (UTF-8)` निवडायचं आणि खात्याचा रकाना Text करायचा.

पडताळणी ओळी मोजून होत नाही. आम्ही गाववार, महिनावार वजन आणि रक्कम जुन्या स्क्रीनवरच्या अहवालाशी ताडून पाहिली. एका गावाचं वजन कमी येत होतं. शोधलं तर एक्स्पोर्ट फक्त 'चालू' शेतकऱ्यांचा निघत होता. ज्यांनी बाग मोडून कापूस लावला, त्यांच्या जुन्या पावत्या गळाल्या होत्या. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने सांभाळावे लागतात, म्हणून बंद खातीसुद्धा लागतातच. सगळं जुळल्यावर झिप फाइलचा हॅश, म्हणजे फाइल जराही बदलली तर बदलणारा तिचा ठसा, काढला आणि 'हीच प्रत आम्ही स्वीकारली' असं त्यांना मेलने कळवलं:

```
certutil -hashfile export.zip SHA256
```

राहिले फोटो. काटा पावती, पासबुक, काहींच्या आधारच्या प्रती. सीएसव्हीत फोटो नव्हते, नुसत्या लिंका होत्या. आमच्या ओळखीच्या एका पोराने छोटी स्क्रिप्ट लिहून सगळे उतरवून दिले. लिंक उघडताना लॉगिन लागत नव्हतं. तेव्हा ते सोयीचं वाटलं.

खरं घोडं अडलं ते पुढे. खातं बंद करा आणि आमचा डेटा पुसा, असं लेखी दिलं. त्यांच्या हेल्पडेस्कवरून उत्तर आलं, "सर, आपली विनंती पूर्ण झाली आहे." तिकीट आपोआप बंद. सोबत लेटरहेडवर एका वाक्याचा दाखला: ग्राहकाचा डेटा आमच्या प्रणालीतून काढण्यात आला आहे. लॉगिन करून पाहिलं तर असं खातं अस्तित्वात नाही असं दिसलं. भाऊंना ते पुरेसं वाटलं. मला वाटेना.

सावद्याकडचे आमचे एक जुने शेतकरी आहेत, त्यांना सगळे आप्पाच म्हणतात. पावतीची लिंक त्यांना व्हॉट्सॲपवर जायची आणि आप्पा काही पुसत नाहीत. त्यांच्या फोनवरच्या जुन्या मेसेजवर बोट ठेवलं आणि पावती उघडली. गाडीचा अर्धा पुसट नंबर, कडेला पावती धरणाऱ्याचा अंगठा, खाली वजन, सगळं जसंच्या तसं. आप्पा म्हणाले, "काय भो, तुम्ही तर म्हणत होते सगळं काढलं!"

मग कळलं की खातं आणि फोटो दोन वेगळ्या जागी असतात. खातं डेटाबेसमध्ये, फोटो वेगळ्या स्टोरेजमध्ये, लांबलचक पत्त्यावर. डेटाबेसमधली ओळ पुसली की कोणता फोटो कोणाचा हा धागा तुटतो, पण फोटो तिथेच राहतो. किंबहुना आता तो शोधून पुसणं जास्त अवघड, कारण तो कोणाचा हे सांगणारी ओळच उरलेली नाही. आमच्याकडे एक्स्पोर्टमधल्या लिंकांची यादी होती म्हणून निभावलं. तीच त्यांना पाठवली. ही यादी जपून ठेवा, पुसण्याची मागणी तिच्यावरच उभी राहते.

पुन्हा "विनंती पूर्ण". आता तपासायचं कसं? फोनवर उघडून पाहू नका, फोन आपल्याकडची जुनी प्रतही दाखवतो. आम्ही दुसऱ्या नेटवर्कवरून हे चालवत होतो (इथे पत्ता नमुन्याचा आहे):

```
curl -I "https://files.example.com/slip/8f3a.jpg"
```

उत्तरात 200 आलं तर फाइल अजून मिळते आहे. 404 म्हणजे त्या पत्त्यावर काही सापडत नाही. 403 फसवं असतं: नुसतं कुलूप लावलं असेल तरी 403 येतं, आणि काही स्टोरेजमध्ये फाइल खरंच नसली तरीही 403च येतं. 200 आलं की पुसलेलं नाही हे सिद्ध होतं. बाकी कोणत्याही उत्तराने पुसल्याचं सिद्ध होत नाही. शिवाय स्टोरेजवर 'व्हर्जनिंग' चालू असेल तर डिलीट केल्यावर फाइलवर नुसती खूण पडते, जुनी आवृत्ती खाली तशीच असते. बाहेरून ते कधीच दिसत नाही. तिथे त्यांच्या लेखी शब्दावरच अवलंबून राहावं लागतं, म्हणून तो शब्द मोघम असून चालत नाही.

तेव्हा मी दाखल्यात जागावार उत्तर मागितलं. मुख्य डेटाबेस कोणत्या तारखेला पुसला. फोटोंचं स्टोरेज, जुन्या आवृत्त्यांसह. दुसऱ्या ठिकाणची आपत्कालीन प्रत. त्यांच्या प्रोग्रामरांनी चाचणीसाठी काढलेली प्रत, जी सगळ्यात जास्त विसरली जाते. आणि बॅकअप.

बॅकअपवर पुन्हा गाडी अडली. आधी म्हणाले, "बॅकअपमधूनही काढलं आहे." हे मला पटेना. अशा सॉफ्टवेअरमध्ये शेकडो ग्राहकांचा डेटा एकाच बॅकअपमध्ये असतो, त्यातून एकट्याचा कापून काढणं जवळपास कोणी करत नाही. खरं उत्तर दोनपैकी एक असतं. एकतर प्रत्येक ग्राहकाची एन्क्रिप्शनची किल्ली वेगळी असेल तर ती किल्ली नष्ट करायची, म्हणजे बॅकअपमधला तेवढा भाग कोणालाच वाचता येत नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेच्या ८००-८८ या मार्गदर्शिकेत ही पद्धत मान्य आहे. पण सगळ्यांची किल्ली एकच असेल तर हा मार्ग बंद. मग बॅकअप त्यांच्या मुदतीने आपोआप संपेपर्यंत थांबायचं. जुन्या कंपनीचं उत्तर यातलं दुसरं निघालं; फोनवर त्यांच्या एका शहाण्या इंजिनिअरने सरळ कबूल केलं, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. खोट्या "काढलं आहे"पेक्षा "अमुक तारखेला शेवटचा बॅकअप संपेल" हे उत्तर मला हजारपट चाललं असतं, पण ते मिळवायला इतकं भांडावं लागावं?

त्याच इंजिनिअरकडून कळलं की हाताने काढलेले स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाच्या डेटाच्या प्रती, आपोआप संपत नाहीत, ते कोणीतरी जाऊन पुसावे लागतात. आणि मधल्या काळात जुना बॅकअप परत चढवावा लागला तर आमचा डेटा पुन्हा जिवंत होणार. त्यासाठी पुसलेल्या ग्राहकांची यादी ठेवून ती प्रत्येक वेळी पुन्हा लागू करू, हेही त्यांच्याकडून लिहून घेतलं.

भाऊ वैतागून म्हणाले, "एवढं कशाला? पावत्याच तर आहेत." पासबुक आणि आधारच्या प्रती शेतकऱ्यांच्या आहेत. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ८(७)नुसार आपण ज्याला डेटा हाताळायला दिला, त्याच्याकडून तो पुसून घेण्याची जबाबदारी आपलीच आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. पण उद्या आप्पांच्या आधारची प्रत कुठे सापडली तर ते त्या कंपनीच्या दारात जाणार नाहीत, आमच्याच दुकानात येतील.

शेवटी दाखला आला तो जागावार, तारखांसह, बॅकअप संपण्याच्या दिवसासह. आम्हाला दिलेली बिलं ते त्यांच्या हिशेबासाठी ठेवणार, तेवढं वगळून. ते रास्त आहे. तो दिवस उलटल्यावर त्यांच्याकडून एका ओळीची पुष्टीही घेतली.

नव्या करारात आता या गोष्टी आहेत: तक्तावार सीएसव्ही आणि फोटोंच्या प्रत्यक्ष फाइली, आमच्या लेखी स्वीकृतीआधी काहीही पुसायचं नाही, आणि शेवटच्या बिलातला काही भाग दाखला आल्यावरच. वर्षाचे पैसे आधी भरून बसलात तर हातात काही उरत नाही, जुन्या ठिकाणी आमचं तेच होतं.

एक राहिलंच. शेतकऱ्यांना जाणाऱ्या एसएमएसचं सहा अक्षरी हेडर, म्हणजे पाठवणाऱ्याचं नाव, डीएलटी या टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी व्यवस्थेत कोणाच्या नावाने नोंदलं आहे ते निघण्याआधी बघा. आमचं जुन्या कंपनीच्या नावावर होतं, त्यामुळे नवं हेडर आणि सगळे टेम्प्लेट पुन्हा मंजूर करून घ्यावे लागले, तोवर पेमेंटचे मेसेज बंद आणि काट्यावर दिवसभर फोन, "पैसे टाकले का रे भो?"