आमची वाटचाल: तक्रारींच्या तक्त्यावर दर तासाची नजर

वरूड तालुक्यातील संत्रा बागांना ठिबक संच बसवून देणे आणि बसवलेल्या संचांची देखभाल करणे, हा आमचा व्यवसाय आहे. संचांची विक्री ठरावीक महिन्यांत होते, तक्रारी मात्र वर्षभर येतात. आणि आंबिया बहाराचा ताण तोडण्याच्या दिवसांत, म्हणजे जानेवारीच्या सुमारास, त्या एकदम वाढतात. पाणी बंद ठेवून ताणावर सोडलेल्या बागांना जवळपास एकाच वेळी पाणी सुरू होते, आणि पाणी सोडताच क्षारांनी बुजलेले ड्रीपर, उंदरांनी कुरतडलेल्या लॅटरल, गाळाने भरलेले फिल्टर असे सगळे दोष त्याच आठवड्यात उघडे पडतात. अशा वेळी एखादी तक्रार दोन दिवस कोणाच्याच लक्षात राहिली नाही, तर बागेच्या त्या भागात फूट असमान येते. ते नुकसान नंतर फिल्टर धुऊन भरून निघत नाही.

सुरुवातीला आमच्याकडे जाड रजिस्टर होते. त्यानंतर आम्ही एक्सेलचा सामायिक तक्ता केला आणि तो वनड्राइव्हवर ठेवला, त्यामुळे वरूडच्या कार्यालयातून आणि आमच्या दुसऱ्या दुकानातून एकाच वेळी नोंद करता येऊ लागली. तक्त्याने नोंदीचा प्रश्न सोडवला, आठवणीचा सोडवला नाही. कारण तक्ता उघडून पाहणारा कोणी नसेल, तर त्यात लिहिलेली तक्रार रजिस्टरातल्या तक्रारीइतकीच निपचित पडून राहते. म्हणून आम्ही मायक्रोसॉफ्टच्या पॉवर ऑटोमेटवर, एकही प्रोग्राम न लिहिता, एक फ्लो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या पायऱ्यांची साखळी, उभा केला. तो दर तासाला तक्ता वाचतो, बाकी असलेल्या ओळी वेगळ्या काढतो आणि प्रत्येक ओळ ज्याच्या नावावर आहे त्याला मेल पाठवतो. आमच्याएवढ्या लहान व्यावसायिकांना तो उपयोगी पडेल असे मला मनापासून वाटते, पण त्याची हद्द कोठे संपते हेही तितकेच स्पष्ट सांगितले पाहिजे.

तक्त्यातील स्तंभांची नावे आम्ही मुद्दाम जागा न सोडता ठेवली आहेत: `TicketNo`, `Status`, `OwnerEmail` आणि `LastMailed`. शेतकऱ्याचे नाव, गाव आणि दोषाचे वर्णन त्यांच्या शेजारी मराठीत असते. फ्लोची सुरुवात `Recurrence` या पायरीने होते. तेथे वारंवारिता `Hour` ठेवली, तर फ्लो रात्री दोन वाजताही मेल पाठवतो. म्हणून आम्ही वारंवारिता `Day` ठेवून `At these hours` मध्ये 8 पासून 18 पर्यंतचे तास, `At these minutes` मध्ये 0 भरले आहे आणि टाइम झोन भारताचा निवडला आहे. पुढची पायरी `List rows present in a table`, आणि तिच्यानंतर `Filter array`.

वाचण्याच्या पायरीतच गाळणी लावण्याची सोय आहे, मग वेगळी गाळणी कशासाठी, असा प्रश्न पडू शकतो. एक्सेलच्या त्या सोयीत बरोबर, बरोबर नाही, अमुक अक्षरे आहेत, अमुकने सुरू किंवा शेवट होतो, एवढ्याच अटी चालतात. लहान-मोठे ठरवणारी अट तेथे नाही. आम्हाला तर ‘शेवटची मेल चार तासांपूर्वीची आहे का’ हे विचारायचे होते, आणि फ्लोचा खरा कस येथेच लागतो. दर तासाला चालणाऱ्या फ्लोला मागच्या तासाची काहीही आठवण नसते. सकाळी 9 वाजता ज्या ओळीबद्दल मेल गेली, तीच ओळ 10 वाजता त्याला पुन्हा नवीच दिसते. अशाने एकाच तक्रारीच्या दिवसभरात 11 मेल जातात आणि माणसे मेल न उघडताच पुसू लागतात. म्हणून आठवण तक्त्यातच ठेवावी लागते: मेल गेली की त्या ओळीच्या `LastMailed` मध्ये `utcNow()` ची वेळ लिहायची, आणि पुढच्या फेरीत ती वाचूनच निर्णय घ्यायचा. आमची अट अशी आहे:

```
@and(
 equals(trim(item()?['Status']),'Pending'),
 less(item()?['LastMailed'],
      addMinutes(utcNow(),-225))
)
```

`LastMailed` हा स्तंभ आम्ही मजकूर स्वरूपात ठेवला आहे. ही वेळ वर्ष, महिना, दिवस, तास अशा क्रमाने लिहिली जात असल्यामुळे मजकूर म्हणून तुलना केली तरी आधीची वेळ लहानच ठरते, आणि रिकामा रकाना सर्वांत लहान ठरत असल्यामुळे नव्या तक्रारीची मेल पहिल्याच फेरीत जाते. ही वेळ भारतीय वेळेपेक्षा साडेपाच तास मागे दिसते. तुलनेच्या दोन्ही बाजू त्याच घड्याळावर असल्याने निकाल बरोबर येतो, मात्र त्या स्तंभात हाताने काहीही लिहू नये अशी सक्त सूचना आम्ही सर्वांना दिली आहे.

चार तासांसाठी 240 मिनिटांऐवजी 225 का, हे एका तक्रारीवरून पाहू. सकाळी 10:20 वाजता एका शेतकऱ्याचा फोन येतो: “भाऊ, शेवटच्या दोन लायनीत पाणीच येऊन नाही राह्यलं.” ओळ भरली जाते, `Status` मध्ये `Pending` निवडले जाते. 11 वाजताच्या फेरीत ती ओळ सापडते, मेल जाते आणि त्यानंतर काही सेकंदांनी तिच्या `LastMailed` मध्ये वेळेचा शिक्का बसतो. समजा 05:30:22, म्हणजे आपल्याकडील 11 वाजून 22 सेकंद. आता दुपारी 3 ची फेरी सुरू होऊन गाळणीपर्यंत पोचते तेव्हा 5 सेकंद झालेले असतात. त्यातून 240 मिनिटे वजा केली की 05:30:05 उरतात, आणि शिक्का त्याच्या नंतरचा असल्यामुळे ओळ गाळणीतून निसटते. दुसरी आठवण 4 वाजता जाते, म्हणजे चार तासांचा नियम प्रत्यक्षात पाच तासांचा होतो. 15 मिनिटांची मोकळीक ठेवली की 3 वाजताच मेल जाते.

मेल आधी आणि शिक्का नंतर, हा क्रमही विचारपूर्वक ठेवलेला आहे. एक्सेलची फाईल फ्लोला एक्सेलशी जोडणाऱ्या जोडणीतून वापरल्यानंतर सहा मिनिटांपर्यंत अडकलेली राहू शकते, आणि एकाच वेळी माणसांनी व फ्लोने तीत लिहिणे या जोडणीला मान्य नाही. शिक्का मारण्याची पायरी त्यामुळे कधी अयशस्वी ठरू शकते. तशा वेळी आमच्या क्रमाने पुढच्या तासाला तीच मेल पुन्हा जाते. क्रम उलटा असता, तर शिक्का बसून मेल गेलीच नाही, असे घडू शकले असते आणि ती तक्रार चार तास गप्प राहिली असती. दुबार मेलचा त्रास मला परवडतो, हुकलेली तक्रार परवडत नाही.

गाळलेल्या ओळींतून `Select` ने फक्त मेलपत्ते काढून `union(body('Select'),body('Select'))` असे लिहिले की प्रत्येक पत्ता एकदाच उरतो. मग त्या प्रत्येक पत्त्यासाठी त्याच्याच ओळींचा तक्ता करून एक मेल जाते. पाच तक्रारींच्या पाच मेल जाण्यापेक्षा पाच ओळींची एक मेल वाचली जाण्याची शक्यता किती तरी अधिक असते.

सर्वांत घातक मर्यादा मात्र कोणतीही चूक न दाखवणारी आहे. तक्ता वाचणारी पायरी मुळात फक्त 256 ओळी आणते. तक्त्यात त्याहून अधिक ओळी झाल्या की ती थांबते, तक्रार करत नाही, आणि फेरी हिरव्या खुणेने यशस्वी दाखवली जाते. तक्रारींच्या तक्त्यात जुन्या, पूर्ण झालेल्या ओळी वर आणि नव्या खाली असतात, त्यामुळे सुटतात त्या नेमक्या नव्याच. फ्लो सुरू करण्यापूर्वी आम्ही तक्त्याची नक्कल करून, जुन्या ओळींनी ती फुगवून, अगदी शेवटी एक खोटी तक्रार ठेवली. तिची मेल आली नाही. पायरीच्या `Settings` मध्ये `Pagination` सुरू करून मर्यादा 5000 केली आणि मेल आली. मायक्रोसॉफ्ट 365 च्या साध्या परवान्यावर हा आकडा 5000 च्या पुढे नेता येत नाही, म्हणून दरवर्षी जून महिन्यात पूर्ण झालेल्या ओळी आम्ही वेगळ्या फाईलमध्ये हलवतो. कोणी असा फ्लो वापरत असेल, तर शेवटच्या ओळीची ही चाचणी त्याने अवश्य करावी.

मेल न येणे याचे दोन अर्थ होतात: काम बाकी नाही, किंवा फ्लोच बंद आहे. आमचा फ्लो माझ्या खात्याच्या जोडणीवर चालतो. पासवर्ड बदलला की ती जोडणी तुटू शकते, आणि सलग 14 दिवस अपयशी ठरणारा फ्लो बंद केला जातो. म्हणून रोज सकाळी 8 च्या फेरीत, बाकी काही असो वा नसो, मला एक मेल येते. तीत बाकी ओळींची संख्या असते, `OwnerEmail` रिकामा असलेल्या ओळी असतात, कारण त्या आम्ही पाठवणीपूर्वीच बाजूला काढतो, आणि ज्यांच्या `Status` मध्ये `Pending` किंवा `Done` यांपैकी काहीच नाही अशाही ओळी असतात. तुलना अक्षरशः होत असल्यामुळे `pending` हा शब्द फ्लोच्या दृष्टीने वेगळाच आहे. तक्त्यात निवडयादी लावलेली आहे, तरी दुसरीकडून मजकूर चिकटवला की ती ओलांडली जाते.

उरलेली हद्द माणसांची आहे. आमचे फिटर दिवसभर शिवारात असतात, तेथे रेंज धड नसते आणि मेल पाहण्याची सवयही नाही. म्हणून ओळीचा धनी आम्ही फिटरला केलेले नाही, तर कार्यालयात बसून फोन करणाऱ्याला केले आहे. मेल त्याला जाते, तो फिटरशी बोलतो आणि काम झाल्याचे शेतकऱ्याकडून कळल्यावरच `Done` निवडतो. शेतकऱ्याला विचारल्याशिवाय `Done` केलेली ओळ फ्लोला ओळखता येत नाही. तसेच उन्हाळ्यात मेन लाईन फुटली किंवा मोटार जळाली, तर आम्ही तक्त्याची वाट पाहतच नाही. शेतीच्या फीडरला वीज ठरावीक तासच असते, आणि त्यांतला एक तास पुढच्या फेरीची वाट पाहण्यात गेला तर पाण्याची ती पाळीच जाते. अशी तक्रार घेणारा आधी फिटरला फोन लावतो, मग ओळ भरतो.

तक्त्यात लिहिणारी माणसे वाढली आहेत आणि फाईल अडकण्याचे प्रसंगही वाढू लागले आहेत, त्यामुळे येत्या ताणाच्या हंगामाआधी हा तक्ता आम्ही शेअरपॉइंटच्या यादीत हलवत आहोत. तेथे अनेकांनी एकाच वेळी वेगवेगळ्या ओळी भरलेल्या चालतात आणि वाचण्याच्या पायरीतच लहान-मोठेपणाची अट लावता येते. मात्र तेथील `Get items` ही पायरी आपणहून 100 च ओळी आणते, म्हणून शेवटच्या ओळीची खोटी तक्रार तेथेही आधी टाकली जाईल.